चौथा टेक्निशियन का हवा?

‘कामाचा ताण फार वाढला आहे, तरी कृपया एक जागा मंजूर करावी.’ व्यवस्थापनाकडे जाणाऱ्या बहुतेक अर्जांत एवढेच असते. त्यातला शब्द न् शब्द खरा असतो आणि तरीही अर्ज महिनोन्‌महिने फायलीत पडून राहतो. वाचणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी कळत नाहीत: काम नेमके किती तासांचे आहे, आणि माणूस दिला नाही तर संस्थेच्या खिशातून काय जाते. या दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देता येतात. ती कशी काढायची हे दाखवण्यासाठी मी रुग्णालयातली पॅथॉलॉजी लॅब निवडली आहे. तिथे प्रत्येक नमुन्याची नोंद होते, त्यामुळे मोजणीचा कच्चा माल तयारच असतो. शिवाय माणूस कमी पडला की त्याची किंमत शेवटी आजारी माणूस मोजतो.

समजा, तालुक्याच्या गावी ८० खाटांचे एक धर्मादाय रुग्णालय आहे. लॅबमध्ये तीन टेक्निशियन आहेत आणि पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर रोज काही तास येतात. लॅबच्या प्रमुख टेक्निशियनना चौथा माणूस हवा आहे. पुढचे सगळे आकडे याच उदाहरणासाठी घेतले आहेत. आपल्याकडे हिशोब करताना ते आपल्याच रजिस्टरमधून आणि मस्टरवरून घ्यायचे.

या कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेची एक पद्धत आहे. १९९८ साली पीटर शिप यांनी तिची हस्तपुस्तिका लिहिली आणि २०१० मध्ये ती सुधारून पुन्हा काढण्यात आली. लोकसंख्येमागे किंवा खाटांमागे इतकी माणसे, असे ठरीव प्रमाण ही पद्धत वापरत नाही, आणि तिचा मोठा गुण तोच आहे. खाटा ८० असल्या तरी एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये रोज वीस नमुने येतात, दुसऱ्याच्या लॅबमध्ये सत्तर. म्हणून ती प्रत्यक्ष कामापासून सुरुवात करते: वर्षात काय काय झाले, एकेका कामाला किती मिनिटे लागतात, आणि एक माणूस वर्षात खरोखर किती तास कामावर उभा असतो.

या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बहुतेक हिशोब इथेच चुकतात. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या की ३१३ उरतात. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि ३१३ ला आठ तासांनी गुणून एका माणसाचे २,५०४ तास धरतात. पण सणाच्या ८ सुट्ट्या, किरकोळ रजा ८, साधारण १४ हक्काच्या रजा आणि मस्टरवरून निघणारी आजारपणाची सरासरी, धरा ३ दिवस, या सगळ्या वजा करायच्या राहतात. त्या केल्यावर २८० दिवस उरतात. आठ तासांच्या पाळीतून जेवणाचा अर्धा तास काढला की रोजचे साडेसात तास. म्हणजे एक टेक्निशियन वर्षाला २,१०० तास देतो. आधीच्या आकड्यापेक्षा हे ४०४ तासांनी कमी आहेत. त्या ४०४ तासांत कोणी कामचुकारपणा केलेला नाही. कायद्याने आणि शरीराने मागितलेली ती विश्रांती आहे, आणि ती हिशोबात दिसलीच पाहिजे.

आता काम. वर्षभरात लॅबमध्ये १८,००० रुग्णांचे नमुने आले. प्रत्येकाचे नाव विचारून, चिठ्ठी ताडून, रक्त घेऊन नळीवर लेबल लावायला ६ मिनिटे धरली तर १,८०० तास झाले. हिमोग्राम १२,०००, प्रत्येकी ५ मिनिटे, म्हणजे १,००० तास. साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या अशा बायोकेमिस्ट्रीचे ९,००० रुग्ण, प्रत्येकी ८ मिनिटे, म्हणजे १,२०० तास. लघवीची तपासणी, रक्तगट, कार्डावरच्या चाचण्या, छोट्या यंत्रावरचे इलेक्ट्रोलाइट अशा हाताने कराव्या लागणाऱ्या ७,५०० तपासण्या, प्रत्येकी १० मिनिटे, म्हणजे १,२५० तास. शेवटी १८,००० रिपोर्ट टाइप करणे, ताडणे आणि वॉर्डात पोहोचवणे, प्रत्येकी ३ मिनिटे, म्हणजे ९०० तास. एकूण ६,१५० तास.

ही मिनिटे कुठून आली, असे विश्वस्त विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाही हवे. आठवणीतून सांगितलेली मिनिटे कामाची नाहीत. दमलेल्या माणसाला प्रत्येक काम लांब वाटते, आणि हुशार माणूस आपल्या सर्वांत वेगवान दिवसाचा आकडा सांगतो. त्यासाठी प्रत्येक कामाच्या पंचवीस-तीस वेळा घड्याळ लावून नोंदी घ्याव्यात. त्या वेगवेगळ्या दिवशी आणि तिन्ही टेक्निशियनच्या घ्याव्यात, आणि त्यातला मधला आकडा धरावा. मोजायचा तो नीट केलेल्या कामाचा वेळ. नळीवर लेबल आधी लावून ठेवून रक्त नंतर घेतले तर मिनिटभर वाचते, पण नमुन्यांची अदलाबदल होते ती अशाच ठिकाणी, म्हणून तो वेग प्रमाण म्हणून चालत नाही. दुसरी काळजी यंत्राच्या वेळेची. सेंट्रीफ्यूज दहा मिनिटे फिरते, बायोकेमिस्ट्रीचे यंत्र अर्धा तास आपले आपण चालते. त्या वेळात टेक्निशियन दुसरे काम करत असतो, म्हणून यंत्राची मिनिटे माणसाच्या नावावर लावायची नाहीत. ‘मशीन आपोआप चालते, मग माणूस कशाला?’ हा आक्षेप हमखास येतो. फक्त हाताची मिनिटे मोजलेली असतील तर त्याचे उत्तर आपल्याकडे आधीच तयार असते.

६,१५० ला २,५०४ ने भागले तर २.४६ येतात. म्हणजे तीन माणसे असताना अर्धा माणूस जास्तच दिसतो. २,१०० ने भागले तर २.९३ येतात, म्हणजे तिघांत काम नेमके बसते. दोन्ही आकडे कागदावर निर्दोष दिसतात. पहिला आकडा हाती घेऊन एखादा विश्वस्त बैठकीत ‘तुमच्याकडे तर माणसे पुरून उरतात’ म्हणाला, तर त्याचा गुणाकार-भागाकार बरोबरच असतो. त्याच्या हिशोबात रजा नाहीत, आणि दोन्ही हिशोबांत एक मोठे काम आलेलेच नाही.

ते काम रुग्णाच्या नावावर नोंदले जात नाही, म्हणून रजिस्टरमध्ये दिसत नाही. सकाळी यंत्रे सुरू करून धुऊन घेणे, आधीच माहीत असलेल्या मूल्याचा कंट्रोल नमुना चालवून यंत्र बरोबर वाचते आहे का ते पाहणे, आलेला आकडा लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर टिपणे, फ्रीजचे तापमान लिहिणे, सुया आणि नळ्यांचा जैववैद्यकीय कचरा रंगांप्रमाणे वेगळा करणे, पाळी बदलताना राहिलेले काम सांगणे. प्रत्येक टेक्निशियनचा यात रोज साधारण ६७ मिनिटे वेळ जातो, म्हणजे पाळीचा १५ टक्के. आता गणिताची एक बारीक चूक टाळायची. १५ टक्के काम वाढले म्हणून २.९३ मध्ये १५ टक्के मिळवायचे नाहीत. रुग्णांच्या कामाला पाळीचा ८५ टक्केच वेळ उरतो, म्हणून २.९३ ला ०.८५ ने भागायचे. उत्तर येते ३.४५. याशिवाय लॅबच्या प्रमुखांना रिएजंटची मागणी, साठ्याचा हिशोब आणि गुणवत्तेची कागदपत्रे यासाठी वर्षाला ४२० तास द्यावे लागतात. ते एकाच व्यक्तीचे काम आहे, म्हणून ते सर्वांच्या टक्क्यांत न मिसळता वेगळे मिळवायचे: ४२० भागिले २,१००, म्हणजे ०.२.

एकूण गरज ३.६५ माणसांची. आहेत तीन. हजर माणसे आणि गरज यांचे गुणोत्तर ०.८२. तासांत मांडायचे तर काम ७,६५५ तासांचे, माणसे ६,३०० तासांची, आणि तूट १,३५५ तासांची.

अर्जाची पहिली बाजू इथे पूर्ण होते. पण हा आकडा समोर ठेवला की समजदार माणूस लगेच विचारतो, ‘वर्षाला तेराशे तास कमी पडत होते, तर लॅब चालली कशी?’ हा प्रश्न अर्जाच्या गाभ्याचा आहे. लॅब चालली हे खरे आहे. म्हणजे ते १,३५५ तास कुठून तरी भरून निघाले. ते कुठून आले हे शोधले की न दिलेल्या जागेची किंमत आपोआप हाती येते. बाहेरून ‘तोटा’ शोधत बसण्यापेक्षा हा मार्ग मला फार भरवशाचा वाटतो, कारण यात प्रत्येक रुपया एका तुटलेल्या तासाशी जोडलेला असतो.

पहिला स्रोत जादा वेळ. मस्टरवर वर्षभरात ६०० तास जादा काम दिसते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांचे वेतन दुप्पट दराने द्यायचे आहे. महिन्याला २०,००० रुपये पगार, २६ दिवस, आठ तास, असा हिशोब केला तर तासाला साधारण ९६ रुपये पडतात. दुप्पट १९२. म्हणजे वर्षाला १,१५,२०० रुपये.

दुसरा स्रोत बाहेर पाठवलेले नमुने. यंत्र आहे, रिएजंट आहे, पण संध्याकाळी हात रिकामे नाहीत म्हणून महिन्याला ७० नमुने बाहेरच्या लॅबकडे जातात, वर्षाला ८४०. बाहेरची लॅब सरासरी २५० रुपये घेते. तीच तपासणी आपल्याकडे केली तर रिएजंटचा खर्च ९० येतो. फरक १६० रुपयांचा, वर्षाला १,३४,४०० रुपये. या नमुन्यांमुळे वाचलेले तास मात्र जेमतेम १४०. तासाच्या दृष्टीने पाहिले तर तूट भरण्याचा हा सर्वांत महाग मार्ग आहे. तरीही तो कोणाला टोचत नाही, कारण बाहेरच्या लॅबचे बिल पगाराच्या खात्यात न दिसता ‘तपासणी खर्च’ या खात्यात दिसते.

६०० आणि १४० मिळून ७४० तास झाले. उरले ६१५. या तासांसाठी कोणी पैसे दिलेले नाहीत, मग ते आले कुठून? काही जेवणाच्या अर्ध्या तासातून आले. बहुतेक मात्र त्या न दिसणाऱ्या १५ टक्क्यांतून, म्हणजे कंट्रोल, धुलाई आणि नोंदी यांतून. तपासून पाहायचे असेल तर कंट्रोलचे आलेख काढा आणि रिकामे दिवस मोजा. सोमवारचे आणि पावसाळ्यातल्या महिन्यांचे रकाने जास्त रिकामे असतील, तर कोणत्या गर्दीने काय गिळले हे तारखेसह दिसते. कंट्रोल न चालवता दिलेला रिपोर्ट चुकीचाच असेल असे नाही. पण तो बरोबर आहे हे त्या दिवशी कोणी पाहिलेले नसते. डॉक्टर त्याच आकड्यावर इन्सुलिनचे युनिट ठरवतात.

घाईची आणखी एक खूण नमुने फेटाळण्याच्या नोंदीत सापडते. घाईत रक्त जोराने ओढले किंवा नळी हिसडली की लाल पेशी फुटतात, पेशींतले पोटॅशियम बाहेर येते आणि रिपोर्टमध्ये ते खोटेच वाढलेले दिसते. असा नमुना टाकून पुन्हा रक्त घ्यावे लागते. दोन वर्षांपूर्वी शंभरात ०.८ नमुने पुन्हा घ्यावे लागत, आता २. वाढ १.२ टक्क्यांची, म्हणजे वर्षाला २१६ नमुने. सुई, नळी, रिएजंट मिळून प्रत्येकी १२० रुपये धरले तर २६,००० रुपयांच्या आत. रक्कम लहान आहे. तरी ही नोंद अर्जात असावी, कारण कामाचा दर्जा घसरतो आहे याचा तो मोजलेला पुरावा आहे.

आतापर्यंतची बेरीज पावणेतीन लाखांची. नवा टेक्निशियन घेतला तर २०,००० पगारावर भविष्यनिर्वाह निधीतला संस्थेचा वाटा, राज्य विम्याचा ३.२५ टक्के वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मिळून सुमारे ३,३०० रुपये वाढतात. महिन्याला २३,३००, वर्षाला साधारण २ लाख ८० हजार. पहिल्या वर्षी गणवेश, हिपॅटायटिस-बीची लस आणि शिकण्याचा काळ यासाठी आणखी वीसेक हजार. अर्जात नुसता पगार लिहू नये. हिशोबनीस बैठकीत वरची रक्कम सांगतो आणि अर्जातल्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास डळमळतो.

या ठिकाणी ‘खर्च दोन ऐंशी, तोटा दोन पंचाहत्तर, म्हणजे माणूस जवळजवळ फुकट पडतो’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. चौथा माणूस आला तरी सगळा जादा वेळ संपत नाही. रात्रीची अपघाताची केस येते, दोघे एकदम आजारी पडतात. ६०० पैकी ४५० तास वाचतील असे धरणे रास्त आहे, म्हणजे ८६,४०० रुपये. बाहेर जाणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश नमुने घरी होतील, १,००,८०० रुपये. पुन्हा घ्यावे लागणारे जादा नमुने निम्मे होतील, सुमारे १३,०००. मिळून दोन लाख. याचा अर्थ संस्थेला नव्या जागेची निव्वळ झळ वर्षाला सुमारे ८०,००० रुपये, पहिल्या वर्षी एक लाख.

माझे ठाम मत आहे की हा ८०,००० चा आकडा अर्जात स्पष्ट लिहावा. मागणी त्याने दुबळी होत नाही, उलट विश्वस्तांपुढचा प्रश्न नेमका होतो. रोज पूर्ण कंट्रोल चालवलेले रिपोर्ट आणि दुपारपर्यंत वॉर्डात पोहोचलेली उत्तरे यासाठी वर्षाला ८०,००० रुपये द्यायचे की नाही, हा निर्णय त्यांना घेता येतो. ‘ताण वाढला आहे’ या वाक्यावर कोणताच निर्णय घेता येत नाही.

आणखी दोन किमती आहेत, पण त्या या बेरजेत घालायच्या नाहीत. त्या खाली वेगळ्या लिहायच्या. पहिली अडलेल्या खाटेची. रिपोर्ट संध्याकाळी आला तर रुग्णाला घरी सोडणे दुसऱ्या दिवसावर जाते. ते पैशांत मांडायला सगळ्यांना आवडते, पण रुग्णालय पूर्ण भरलेले असेल आणि बाहेर कोणी खाटेसाठी थांबलेले असेल, त्याच दिवशी त्याला पैशाचे मोल येते. चार खाटा रिकाम्या असताना पाचवी अडली म्हणून उत्पन्न बुडत नाही. शिवाय घरी सोडायला उशीर विम्याच्या मंजुरीमुळेही होतो आणि बिल तयार नसल्यानेही. म्हणून फक्त भरलेल्या दिवसांचे, फक्त रिपोर्टमुळे अडलेले रुग्ण मोजावेत आणि ते मोजताना वॉर्डाच्या सिस्टरना सोबत घ्यावे. त्यांच्या सहीची नोंद लॅबच्या दाव्यापेक्षा वजनदार ठरते.

दुसरी किंमत सोडून जाणाऱ्या माणसाची. इथेही आकडे फुगवण्याची सवय फार. एक टेक्निशियन गेला आणि जागा दोन महिने रिकामी राहिली, तर त्याचे ३५० तास इतरांना जादा वेळेत करावे लागतात, त्याचे ६७,००० रुपये होतात. पण त्या दोन महिन्यांचा ४६,६०० रुपये खर्च वाचलेलाही असतो. तो वजा केला तर फरक वीसेक हजारांचा. नवा माणूस पहिले तीन महिने निम्म्या वेगाने काम करतो, त्याचे ३५,०००. जाहिरात आणि मुलाखती मिळून पाचेक हजार. म्हणजे एकूण ६०,००० च्या आसपास. मागच्या तीन वर्षांत किती जण गेले आणि जाताना त्यांनी कारण काय सांगितले, एवढे त्याखाली लिहावे. पुढे कोण जाईल याचा अंदाज बांधून त्याला रकमेने गुणू नये.

आता रुग्णाच्या प्रतीक्षेकडे येतो, कारण वार्षिक सरासरीत ती लपून जाते. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारे बहुतेक जण सकाळी आठ ते अकरा या वेळात येतात. नमुना घेण्याचे टेबल एक, एका रुग्णाला ६ मिनिटे, म्हणजे तासाला जास्तीत जास्त दहा. तासाला आठ जण आले तर टेबल ८० टक्के व्यग्र असते. नऊ आले तर ९० टक्के. रांगेच्या गणितात एक साधे सूत्र आहे. माणसे आपापल्या वेळी येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त असेल, तर सरासरी प्रतीक्षा म्हणजे व्यग्रतेचा वाटा भागिले उरलेला मोकळा वाटा, गुणिले एका रुग्णाचा वेळ. ८० टक्क्यांना ही प्रतीक्षा २४ मिनिटे येते, ९० टक्क्यांना ५४, आणि ९५ टक्क्यांना ११४. हे आकडे दीर्घकाळ चालणाऱ्या रांगेचे आहेत. तीन तासांच्या गर्दीत प्रत्यक्ष प्रतीक्षा यापेक्षा कमी भरते. पण वाढीचे वळण तेच राहते: शेवटच्या दहा टक्क्यांत रांग झपाट्याने लांबते. म्हणून सगळी माणसे शंभर टक्के वेळ गुंतलेली असणे ही लॅबसाठी चांगली स्थिती नाही, आणि ‘थोडी मोकळीक दिसते’ म्हणून जागा नाकारणेही बरोबर नाही. दाखवायला एक आठवड्याची नोंद पुरते: रुग्ण कधी आला, रक्त कधी घेतले, रिपोर्ट कधी गेला.

गरज ३.६५ ची आहे, तर पूर्ण माणूस का, अर्धवेळ का नाही? हा प्रश्न विश्वस्तांनी विचारण्याआधी आपणच विचारलेला बरा. सकाळी साडेसात ते साडेअकरा फक्त रक्त घेणारा अर्धवेळ माणूस निम्म्या खर्चात येईल आणि सकाळची रांग नक्की कमी करेल. काही लॅबना तेवढे पुरते आणि त्यांनी तेवढेच मागावे. पण या उदाहरणात बाहेर जाणारे नमुने संध्याकाळचे आहेत आणि जादा वेळ रजेच्या दिवशी लागतो. सकाळचा अर्धवेळ माणूस या दोन्ही जागा भरत नाही. दुसरे कारण वाढीचे. मागच्या तीन वर्षांत रुग्ण १५,६०० वरून १६,७०० आणि मग १८,००० झाले. पुढच्या वर्षी १९,३०० आले तर हाच हिशोब ३.८९ दाखवतो, म्हणजे चौथा माणूस वर्षभरात जवळजवळ पूर्ण वापरला जातो. आणि समजा, वाढ फक्त जुलै ते ऑक्टोबर या काळातच दिसत असेल. डेंग्यूच्या दिवसांत एकाच रुग्णाची प्लेटलेट रोज मोजावी लागते आणि हिमोग्राम एकदम फुगतात. असे असेल तर कायम जागा न मागता चार महिन्यांचा कंत्राटी टेक्निशियन मागणे जास्त योग्य ठरते. महिनावार आकडे काढल्याशिवाय हा फरक कळत नाही.

पद्धतीची मर्यादाही ओळखून असावे. आकडे कच्च्या रजिस्टरमधून घेतले आणि त्यात एकाच रुग्णाची नोंद दोनदा असेल, तर सगळी इमारत डळमळते. त्यासाठी कोणताही एक आठवडा निवडावा, रजिस्टर आणि पावतीपुस्तक समोरासमोर ठेवावे आणि दोन्हींतला फरक पाहावा. फरक मोठा असेल तर आधी नोंदी सुधाराव्यात, अर्ज नंतर. आणि ज्या कामाला माणूस लागायलाच नको ते काम गरजेत मोजू नये. रिपोर्ट वॉर्डात हाताने नेण्यात दिवसाचा तास जात असेल आणि ते काम वॉर्डबॉय करू शकत असेल, तर तो तास टेक्निशियनच्या नावावर लावणे बरोबर नाही. असा तास आपणच वजा करून दाखवला तर उरलेल्या तासांवर कोणी बोट ठेवत नाही.

अर्ज स्वतः एका पानाचा असावा. पहिल्याच वाक्यात मागणी, वार्षिक खर्च आणि निव्वळ झळ लिहावी. त्याखाली ३.६५ विरुद्ध ३ हा हिशोब चार ओळींत, मग पैशांचे तीन आकडे, आणि त्यांच्यापासून वेगळ्या, पैशांत न मोजलेल्या गोष्टी. मिनिटांच्या नोंदी, मस्टरचा उतारा आणि कंट्रोलच्या आलेखांच्या प्रती मागे जोडाव्यात. अर्ज वाचणाऱ्यांपैकी एखाद-दोन जणच ती पाने उलटतील, पण बैठकीत बाकीचे त्यांचेच ऐकतात.

शेवटचा परिच्छेद वचनाचा असावा. माणूस रुजू झाल्यापासून सहा महिन्यांनी महिन्याचा जादा वेळ ५० तासांवरून १५ च्या आत येईल, बाहेर जाणारे नमुने ७० वरून २० च्या आत येतील आणि कंट्रोलच्या आलेखात एकही कामाचा दिवस रिकामा राहणार नाही, असे तीन आकडे तारखेसह लिहावेत. ते कोण मोजणार तेही लिहावे, आणि तो माणूस लॅबबाहेरचा, शक्यतो हिशोब विभागातला असावा. तुमच्या लॅबमध्ये, दुकानात किंवा कार्यालयात माणूस कमी पडत असेल तर अर्ज आज लिहू नका. आजपासून तीन महिने कामे, मिनिटे आणि जादा तास लिहून ठेवा, आणि मग अर्ज करा.